अस्तर जाड झालंय: रोजची गोळी, मिरेना की थेट पिशवी काढायची?

गर्भाशयाच्या अस्तराच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर 'हायपरप्लेझिया विदाउट एटिपिया' असं आलं की घरात दोन प्रश्न लगेच विचारले जातात. कॅन्सर आहे का, आणि पिशवी काढावी लागेल का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही बहुतेक वेळा नाही. खरी निवड औषध गोळीने पोटात घ्यायचं की मिरेना नावाच्या साधनातून गर्भाशयातच बसवायचं, एवढीच असते, आणि ती नीट करायची तर अस्तर मुळात का वाढलं हे आधी कळायला हवं.

एक उदाहरण समोर ठेवू. बाई छत्तीस वर्षांची, एक मुलगा, वजन जास्त, पीसीओडी असल्याचं कॉलेजात असतानाच सांगितलेलं. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, त्याची सवय झालेली. यंदा पाच महिने आलीच नाही. मग सुरू झाली ती तीन आठवडे थांबेना; गाठी पडतायत, जिना चढताना दम लागतोय, हिमोग्लोबिन 8.2. सोनोग्राफीत अस्तर 18 मिलिमीटर. आधी गरोदरपणाची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली, मग ओपीडीतच बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतला. रिपोर्ट वर लिहिलाय तोच.

पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात बीजकोषातलं वाढणारं बीज इस्ट्रोजन तयार करतं आणि त्या जोरावर गर्भाशयाचं अस्तर वाढतं. बीज फुटून बाहेर पडलं की त्याच्या रिकाम्या कवचातून प्रोजेस्टेरॉन येऊ लागतं. प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ थांबवतं, त्यातली इस्ट्रोजनला दाद देणारी केंद्रं कमी करतं आणि पेशींतलं इस्ट्रोजनही सौम्य रूपात बदलतं. गर्भ राहिला नाही तर दोनेक आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि अस्तर एकदम, सगळीकडून सारखं गळतं. तीच वेळेवर येणारी पाळी.

पीसीओडीत बीजं अर्धवट वाढून तिथेच थांबतात. बीज फुटलं नाही म्हणजे ते कवचही नाही, आणि कवच नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजन मात्र चालूच राहतं. ते फार वाढलेलं असावंच लागतं असं नाही. नेहमीच्या पातळीवर असलं तरी महिनोन्‌महिने त्याला अडवणारं कोणी नसतं, हा खरा बिघाड आहे. त्यात वजन जास्त असेल तर चरबीतही पुरुषी हार्मोन्सपासून इस्ट्रोजन बनत राहतं. अस्तर वाढत जातं, त्याचा वरचा भाग रक्तपुरवठ्याअभावी कुठे कुठे ढासळतो, आणि म्हणून अंगावरून जातं ते तुकड्यातुकड्यांनी आणि थांबता थांबत नाही. आपल्या उदाहरणातले तीन आठवडे हे असे आले. दिसायला पाळीसारखं असलं तरी ही पाळी नव्हे.

याचा पुरावा वेगळ्याच वाटेने मिळाला. 1975 मध्ये अमेरिकेत लक्षात आलं की पाळी गेल्यावर नुसतं इस्ट्रोजन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त दिसतोय. पुढे 'पेपी' नावाच्या चाचणीत, गर्भाशय असलेल्या ज्या बायकांना तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजन दिलं त्यांच्यातल्या 62 टक्क्यांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचं हायपरप्लेझिया झालं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ते 2 टक्के होतं. सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध मिळालेल्यांचं अस्तर जवळपास औषध न घेणाऱ्यांसारखंच राहिलं.

आता हायपरप्लेझिया म्हणजे काय? अस्तरातल्या ग्रंथी प्रमाणाबाहेर वाढतात, वेड्यावाकड्या होतात आणि मधली जागा कमी होते. हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं. सोनोग्राफीतला 18 मिलिमीटरचा आकडा संशय देतो, निदान देत नाही. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर पाळीच्या आधी एरवीही 14-15 मिलिमीटर असू शकतं. (पाळी कायमची गेल्यानंतर रक्त दिसलं तर 4 मिलिमीटरच्या पुढेही तपासतात. हिशोबच वेगळा.) रिपोर्टमध्ये बघायचा शब्द एकच: एटिपिया आहे की नाही. म्हणजे ग्रंथींची गर्दी नुसती वाढली आहे, की पेशींची केंद्रकंही बिघडू लागली आहेत. जुन्या रिपोर्टांत 'सिंपल', 'कॉम्प्लेक्स' अशी चार खान्यांची विभागणी असायची. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये दोनच खाने ठेवले. एटिपिया नसेल तर वीस वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी धरतात. एटिपिया असेल तर ती कितीतरी जास्त असते, शिवाय पिशवी काढल्यावर तपासताना तिथे आधीच कॅन्सर सापडण्याचं प्रमाणही मोठं आहे. अशा बाईला मूल नको असेल तर पिशवी काढण्याचाच सल्ला देतात, आणि तो योग्य आहे.

आपल्या बाईच्या रिपोर्टात एटिपिया नाही. तरी तिला कोणीतरी 'कटकटच नको, काढून टाका' म्हणणारच. महाराष्ट्रात याबद्दल जरा जास्तच सावध राहायला हवं. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या हे 2019 मध्ये विधिमंडळात गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एटिपिया नसताना ऑपरेशनला जागा आहे, पण ती शेवटी: वर्षभर औषध करूनही अस्तर सुधारलं नाही, नंतर पुन्हा उलटलं, किंवा रक्तस्राव आटोक्यातच येत नाही, तेव्हा.

काहीच न करता नुसतं लक्ष ठेवणं हाही एक मार्ग आहे. कारण दूर होण्यासारखं असेल तर अस्तर आपोआपही पूर्ववत होतं. पण हिमोग्लोबिन 8.2 असलेल्या बाईला मी तो सुचवणार नाही.

उरल्या रोजच्या गोळ्या आणि मिरेना. दोन्हींत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचंच औषध आहे, म्हणजे जे कमी पडलं तेच भरून काढायचं. गोळीत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन रोज 10 ते 20 मिलिग्रॅम किंवा नॉरएथिस्टेरॉन रोज 10 ते 15. मिरेना म्हणजे तांबीच्या आकाराचं साधन. त्यात 52 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि सुरुवातीला रोज साधारण 20 मायक्रोग्रॅम थेट अस्तरावर सुटतं. रक्तात फार कमी उतरतं, पण जिथे हवं तिथे भरपूर पोहोचतं.

गोळ्यांच्या बाबतीत एक घोटाळा फार होतो. नॉरएथिस्टेरॉन म्हणजे आपल्याकडे सणवार आला, लग्न निघालं की पाळी पुढे ढकलायला घेतात तीच. त्यामुळे 'दहा दिवस घ्यायची, बंद केली की पाळी येते' हे सगळ्यांना पाठ असतं. पीसीओडीत अस्तर वाढू नये म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी दहा ते चौदा दिवस गोळी देतात, तेव्हा ते बरोबरच आहे. पण हायपरप्लेझिया झाल्यावर तेवढं पुरत नाही. तेव्हा गोळी मधे खंड न पाडता, रोज, किमान सहा महिने घ्यायची असते. नॉर्वेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तिन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. सहा महिन्यांनी मिरेना बसवलेल्या सगळ्यांचं अस्तर सुधारलं, रोज गोळी घेणाऱ्यांत 96 टक्के, आणि महिन्यातून दहाच दिवस घेणाऱ्यांत 69 टक्के.

म्हणजे कागदावर रोजची गोळी मिरेनाच्या मागे फारशी नाही. फरक पडतो तो घरात. सहा महिने एकही दिवस न चुकवता गोळी घेणं सोपं नसतं, त्यात पोट फुगणं, भूक वाढणं, छाती दुखणं, चिडचिड. मग दोन महिन्यांनी रक्त थांबलं की डबी कपाटात जाते. शिवाय या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवता येत नाही. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर नॉरएथिस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

मिरेनाचे त्रास वेगळे. बसवताना कळ येते, पैसे एकदम जातात, शंभरातल्या साधारण पाचजणींची ती आपोआप बाहेर येते, आणि पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागत राहतात. बहुतेक जणी कंटाळून काढायला येतात त्या याच काळात. लग्न न झालेल्या मुलींना ती सहसा सुचवली जात नाही. त्यांच्यासाठी गोळी हाच पहिला मार्ग ठरतो.

मिरेनावर पुष्कळ जणींची पाळी पुढे बंदच होते आणि तिथे घरच्यांचा जीव खालीवर होतो: 'आधी पाळी येत नव्हती म्हणून तर हे झालं ना? मग घाण आत साठणार नाही का?' शंका रास्त आहे. पण दोन्ही वेळचं न येणं अगदी उलट आहे. पाच महिने पाळी आली नाही तेव्हा आत अस्तर वाढत होतं. मिरेनावर येत नाही, कारण अस्तर इतकं पातळ राहतं की गळायला काही उरतच नाही. आत साठण्यासारखं काही नसतं.

आपल्या उदाहरणातल्या बाईला आणखी मूल नको आहे, वजन जास्त आहे, गोळ्या चुकतात. तिने मिरेना घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि सोबत लोह. वर्षाच्या आत मूल हवं असतं तर मी रोजच्या गोळ्यांकडे झुकलो असतो: सहा महिने गोळी, बायोप्सी स्वच्छ आली की बीज फुटण्यासाठी लेट्रोझोल. अस्तर सुधारण्याआधी गर्भ राहण्याची घाई करू नये.

कोणताही मार्ग घेतला तरी सहा महिन्यांनी बायोप्सी पुन्हा करायची. रक्त थांबलं म्हणजे अस्तर सुधारलंच असं नसतं. मिरेना न काढताही बारीक नळीने नमुना घेता येतो. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने लागोपाठ दोन रिपोर्ट स्वच्छ यायला हवेत. नॉर्वेतल्याच त्या बायकांवर पुढे लक्ष ठेवलं तेव्हा उपचार बंद केल्यावर दोन वर्षांत सुमारे 41 टक्के जणींचा त्रास उलटला, गोळीवाल्या असोत वा मिरेनावाल्या. कारण औषधाने अस्तर सुधारतं, बीज फुटत नाही ते तसंच राहतं. म्हणून मिरेना पाच वर्षं ठेवावी; गोळ्या थांबवल्या असतील तर पाळीची तारीख लिहून ठेवावी आणि तीन महिने कोरडे गेले की अंगावरून जाण्याची वाट न बघता डॉक्टरांकडे जावं.