लेन्सवर वाफ धरली: पुसायची की फोन आधीच पिशवीत ठेवायचा?

एसीच्या खोलीतून दमट हवेत आल्यावर फोनच्या कॅमेऱ्यावर वाफ धरते. त्यावर दोन उपाय आहेत: मऊ कापडानं पुसणं, किंवा निघण्याआधीच फोन झिपच्या पिशवीत बंद करणं. दोन्ही मी वापरतो, पण पारडं एका बाजूला झुकलंय.

मालवणचं ऑक्टोबरातलं उदाहरण घेऊ. बाहेर हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन जमू लागते तो, साधारण २५ अंशांवर येतो. रात्रभर २२ च्या एसीत राहिलेला फोन त्याहून थंड, म्हणून किनाऱ्यावर पोचताच लेन्स पांढरी होते.

पुसण्याचा फायदा उघड आहे, लगेच फोटो मिळतो. पण काच अजून थंडच असते, त्यामुळे दुसऱ्या फोटोपर्यंत वाफ परत येते. रापणीचं जाळं किनाऱ्याला लागतंय, मासळी उसळतेय आणि आपण सदऱ्याच्या टोकानं लेन्स घासतोय, हे मला फार खटकतं. त्यात बोटांचं तेल त्या ओलीत पसरतं आणि होडीवरच्या दिव्यांना लांब रेघा फुटतात. कापडात वाळूचा कण असेल तर काचेवरच्या लेपाला चरा पडू शकतो. पुसायचंच असेल तर आधी हलकेच फुंकून वाळू उडवावी आणि चष्म्याचं कोरडं कापड वापरावं.

पिशवीचं काम वेगळं आहे. खोलीत असतानाच फोन आत घालून, जास्तीची हवा काढून झिप लावायची. बाहेर आल्यावर थेंब प्लास्टिकवर जमतात. आत कोंडलेली हवा खोलीतली, कोरडी असते. माझ्या फोनला कोमट व्हायला पंधरा मिनिटं पुरतात, जाड कव्हर असेल तर थोडा जास्त वेळ. हाताला फोन गार लागेनासा झाला की उघडायचा. घाईच्या माणसाला हे जमणार नाही, हे मान्य. पण एकदा उघडला की पुन्हा वाफ धरत नाही, आणि माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

गाडीतून जात असाल तर पिशवीचीही गरज नाही. पोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं एसी बंद करून काचा खाली घ्या आणि फोन एसीच्या झोतासमोरच्या स्टँडवरून काढून ठेवा.

हेअर ड्रायर मात्र दोन्ही बाजूंनी बाद. त्या उष्णतेनं फोनचे सांधे बंद करणारा गोंद सैल होऊ शकतो आणि पुढच्या वेळी ओल आत शिरते. वाफ पुसूनही जात नसेल तर ती काचेच्या आतल्या बाजूला आहे. फोन बंद करून कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवावा. दुसऱ्या दिवशीही ती दिसली, किंवा वरचेवर येऊ लागली, तर दुरुस्तीवाल्याकडून सील तपासून घ्यावं.