सूज मोठी की खूण छोटी?

नागपूरच्या महाल भागातल्या मावसभावाने दोन फोटो पाठवले. एकात गांधीलमाशी चावून टम्म सुजलेलं मनगट, दुसऱ्यात पोटरीवर कुत्र्याच्या दाताची बारीक खूण, रक्ताचा एकच थेंब. तो घाबरला होता सुजेला!

सूज बर्फाने उतरते. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली तर मात्र लगेच धावायचं. धाप काही फोटोत दिसत नाही.

कुत्र्याच्या दाताने रक्त आलं की खूण केवढीही असो, रेबीजच्या दृष्टीने ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना नाही. त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल रुग्णालय गाठून लस घ्यायची, शिवाय जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. लस प्रतिकारशक्ती तयार करेपर्यंतचे दिवस तेच सांभाळतं.

उंदराने चावल्यास जखम धुवून डॉक्टरांना धनुर्वाताचं विचारायचं, नंतर ताप आल्यास चावा आठवणीने सांगायचा.