२९ फेब्रुवारीचा वाढदिवस: २८ ला, १ मार्चला की तिथीने?

माझी भाची २९ फेब्रुवारी २०२४ ला दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी सोलापुरात जन्मली. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कळलं आणि अर्ध्या तासात वाद सुरू झाला, तोही नावावरून नव्हे, तारखेवरून. दाजी म्हणाले, "२८ ला करू, महिना तरी तोच राहतो." ताई पलंगावरूनच म्हणाली, "२८ ला ती जन्मलीच नव्हती. १ मार्च." ताईच्या सासूबाईंनी दोघांनाही निकालात काढलं: "माघ वद्य पंचमी आहे आज. तिथीनं करा की, भांडण कशाला?" एका काकांचा तोडगा सगळ्यात वाईट होता. ओळख काढून दाखल्यावरच १ मार्च लिहून घेऊ, म्हणाले.

तो तोडगा आधी बाजूला ठेवते. साजरा करायचा दिवस तुमचा, कागदावरचा दिवस जन्माचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच तारखेचा मुख्य पुरावा धरला जातो: शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सगळीकडे तोच. दवाखान्याच्या नोंदीत २९ आणि दाखल्यावर १ असं झालं तर पुढे दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतील. कागदावर २९ च राहू द्या. प्रश्न फक्त केकचा आणि औक्षणाचा आहे, आणि एका ठिकाणी वयाचा. त्याकडे शेवटी येते.

आता २८ की १? मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मला हा वाद भावनेचा कमी आणि व्याख्येचा जास्त वाटतो. २९ फेब्रुवारी म्हणजे नेमकं काय, याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. तो फेब्रुवारीचा शेवटचा दिवस आहे. आणि तो वर्षाचा साठावा दिवस आहे, कारण जानेवारीचे ३१ अधिक २९. साध्या वर्षात फेब्रुवारीचा शेवटचा दिवस २८ ला येतो, पण साठावा दिवस १ मार्चला येतो. दाजी पहिली व्याख्या धरून बसले होते, ताई दुसरी. दोघांपैकी चुकत कुणीच नव्हतं, म्हणून तर वाद मिटत नव्हता.

गंमत म्हणजे एक्सेलसुद्धा या वादात दोन्हीकडून बोलतं. जन्मतारखेत बारा महिने मिळवा म्हटलं तर २८ देतं, आणि २०२५ सालचा २९ फेब्रुवारी दाखव म्हटलं तर १ मार्च:

```
=EDATE(DATE(2024,2,29),12)   → 28-02-2025
=DATE(2025,2,29)             → 01-03-2025
```

एखाद्या ऑफिसात वाढदिवसांची यादी दोघांनी दोन सूत्रांनी केली, तर एकाच माणसाला दोन दिवशी पुष्पगुच्छ मिळेल.

व्याख्या मिटवू शकत नाही तिथे सूर्याला विचारता येतं. वाढदिवस म्हणजे पृथ्वीची एक फेरी पूर्ण होणं, आणि ती फेरी ३६५ दिवसांत नाही, ३६५ दिवस आणि साधारण ५ तास ४९ मिनिटांत होते. हे वरचे पावणेसहा तास साठत जातात, म्हणूनच चौथ्या वर्षी एक दिवस घालावा लागतो. सोलापूरकरांना हे शिकवावं लागत नाही. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला धरून असते, म्हणजे तिथीवर नाही, सूर्यावर. २०२५ साली सूर्य मकरेत गेला १४ जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास, २०२६ साली त्याच तारखेला दुपारी तीनच्या सुमारास. दरवर्षी सहा तास पुढे. (पंचांगाचं वर्ष ताऱ्यांवरून मोजलेलं असल्याने वीसेक मिनिटांनी मोठं असतं, तो वेगळा विषय.)

हाच हिशेब भाचीला लावला. जन्म दुपारी ३.४०. ३६५ दिवसांनी २८ फेब्रुवारी २०२५ येतो. त्यात पावणेसहा तास मिळवले की पहिली फेरी पूर्ण झाली २८ ला रात्री साडेनऊच्या सुमारास. दुसरी १ मार्च २०२६ ला पहाटे सव्वातीनला, तिसरी १ मार्च २०२७ ला सकाळी नऊला. चौथी २९ फेब्रुवारी २०२८ ला दुपारी तीनच्या जरा आधी, म्हणजे गाडी पुन्हा रुळावर. मिनिटांचा थोडा फरक पडतो, पण तीन साध्या वर्षांपैकी दोन वेळा उत्तर १ मार्च येतं. ताई जिंकली, पण काठावर.

हीच मोजणी जन्मवेळ बदलून केली की एक सोपा नियम हाती येतो. जन्म सकाळी साडेसहाच्या आधीचा असेल तर तिन्ही वर्षी फेरी २८ ला पूर्ण होते. साडेसहा ते साधारण सव्वाबारा या वेळेत दोन वर्षं २८ आणि एक वर्ष १ मार्च. सव्वाबारा ते संध्याकाळी सहा, उलट. सहानंतर जन्म असेल तर तिन्ही वर्षी १ मार्च. थोडक्यात जन्म दुपारच्या जेवणाआधीचा असेल तर २८, नंतरचा असेल तर १. दरवर्षी वेगळी तारीख मात्र धरू नका. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला शाळेत चॉकलेटं वाटायची असतात, आणि "यंदा कधी?" हा प्रश्न त्याला स्वतःला पडू नये.

सासूबाईंचा तिथीचा मार्ग मी आधी हसण्यावारी नेला होता, पण त्यात एक गोष्ट फार स्वच्छ आहे: पंचांगाला २९ फेब्रुवारीची अडचणच नाही. माघ वद्य पंचमी दरवर्षी येते. म्हणून तर वर्षश्राद्धाला लीप वर्षाचा प्रश्न कधी पडत नाही. 'पुण्यतिथी' या शब्दातच तिथी आहे. अडचण वेगळी आहे. २०२५ साली ही पंचमी १७ फेब्रुवारीला आली, २०२६ साली ६ फेब्रुवारीला, आणि २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे २०२७ साली ती पुन्हा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जाते. घरातल्यांना हे कालनिर्णयात बघून कळतं. पण वर्गातल्या मैत्रिणींना, पुण्यातल्या मामाला आणि हॉलवाल्याला दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. शिवाय तिथीचा दिवस सूर्योदयापासून धरतात. मूल २९ ला पहाटे चारला झालं असतं तर दवाखान्याच्या लेखी गुरुवार, आणि आजीच्या लेखी अजून बुधवारच.

आम्ही तिथी सोडली नाही, तिचं काम बदललं. पंचमीला सकाळी घरच्या घरी औक्षण, सिद्धेश्वराचं दर्शन आणि आजीच्या हातची शेंगापोळी. केक, फुगे आणि पाहुणे १ मार्चला. आजीला मी एक आमिषही दाखवलं: साधारण १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ एकत्र येतात, म्हणजे २०४३ साली पंचमी फेब्रुवारीच्या अगदी शेवटाला असेल. "तोवर मी राहते होय गं?" म्हणाल्या, पण वर्ष वहीत लिहून ठेवलं.

चौथा पर्याय, चार वर्षांतून एकदाच, खऱ्या तारखेला. ऐकायला ऐटीत वाटतो, पण मोठ्या माणसांसाठीच ठीक. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० हे साल शंभरने भाग जाणारं पण चारशेने न जाणारं, म्हणून ते लीप वर्ष नव्हतं, आणि त्यांना पहिला खरा २९ फेब्रुवारी दिसला तो १९०४ साली, आठव्या वर्षी. भाचीच्या वाट्यालाही असा खड्डा आहे: २१०० साल. तेव्हा ती ७६ वर्षांची असेल आणि हा लेख वाचून वैतागेल.

आता वयाचा प्रश्न. अठराला चारने भाग जात नाही, म्हणून २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या कुणाचाही अठरावा वाढदिवस खऱ्या तारखेला येत नाही. भाचीचा २०४२ साली येईल, आणि ते साधं वर्ष आहे. १८७५ चा आपला सज्ञानतेचा कायदा सांगतो की जन्माचा दिवस पूर्ण धरायचा आणि अठराव्या वर्षदिनाच्या सुरुवातीला माणूस सज्ञान होतो. पण २९ फेब्रुवारीबद्दल त्यात एक शब्दही नाही. इतर ठिकाणीही एकमत नाही: हाँगकाँगच्या कायद्यात १ मार्च स्पष्ट लिहिलाय, तर तैवानच्या दिवाणी संहितेनुसार महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे २८. आपल्याकडे सोपा उपाय असा, की जन्माचा दिवस धरून मोजलं तर २८ फेब्रुवारी २०४२ चा दिवस संपताना अठरा वर्षं पूर्ण होतात, म्हणून १ मार्चला कुठल्याही बाजूने मोजा, ती सज्ञानच आहे. वाहन परवान्याचा अर्ज, बँकेतलं खातं स्वतःच्या नावावर करणं, करारावर सही, असं काहीही २८ ला करायला जाऊ नका, एक दिवस थांबा. मतदार नोंदणीत मात्र काही बिघडत नाही, कारण तिथे वय १ एप्रिलसारख्या ठरलेल्या तारखांना मोजतात.

लग्नाच्या वाढदिवसाला सूर्याचा हिशेब लावण्यात अर्थ नाही. तिथे वय मोजायचं नसतं, मुहूर्ताची मिनिटंही कुणाच्या लक्षात नसतात. भाची जन्मली त्याच दिवशी शहराच्या जुळे सोलापूर भागात आमच्या चुलतभावाचं लग्न होतं, आणि दवाखान्यातून अर्धी मंडळी तिकडे पळाली होती. त्याला मी सरळ २८ सांगितलं. पत्रिकेत, फोटोंवर, अंगठीत 'फेब्रुवारी' कोरलेलं आहे, तर महिना टिकवावा. आणखी एक कारण: पंचवीस आणि पन्नास या दोन्ही आकड्यांना चारने भाग जात नाही. त्याची रौप्य वर्षपूर्ती २०४९ ची, सुवर्ण २०७४ ची, दोन्ही साधी वर्षं. ज्या दोन दिवशी नातेवाईक खरंच जमणार, त्या दोन्ही वेळा खरी तारीख नसणारच. मग जी तारीख धरायची ती पहिल्या वर्षापासून धरलेली बरी. वहिनीचं म्हणणं वेगळंच होतं: "२८ च बरं. हे विसरले तर दुसऱ्या दिवशी १ मार्च आहे की सावरायला."

शेवटी फोन. कॅलेंडरमध्ये २९ फेब्रुवारीला 'दरवर्षी' असं लावलं की नोंद बहुधा साध्या वर्षात दिसतच नाही, कारण नसलेल्या तारखा गाळायच्या असा त्याचा नियम आहे. दाजींना २०२५ साली अजिबात घंटी वाजली नाही, ती यामुळेच. ठरवलेल्या तारखेची, २८ किंवा १ ची, साधी नोंद करा. लीप वर्षातही नेमकी २९ च हवी असेल आणि तुमचं कॅलेंडर नियम लिहू देत असेल, तर पहिली ओळ दाजींच्या व्याख्येची, दुसरी ताईच्या:

```
RRULE:FREQ=YEARLY;BYMONTH=2;BYMONTHDAY=-1
RRULE:FREQ=YEARLY;BYYEARDAY=60
```

दाजींच्या फोनमध्ये मी दुसरी टाकून दिली आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.