फोनवरचा निरोप चिठ्ठीत उतरवताना: अवतरणचिन्ह, ‘की’ आणि ‘असल्याचे’

दुसऱ्याचे बोलणे चार ओळींच्या चिठ्ठीत पोचवण्याच्या मराठीत तीन सरळ वाटा आहेत. पहिली, बोललेले शब्द अवतरणचिन्हांत तसेच ठेवणे. दुसरी, ‘म्हणाले की’ लिहून पुढे आपल्या बाजूने वाक्य मांडणे. तिसरी, ‘येणार असल्याचे कळवले’ अशी क्रियापदाचे नाम करून टाकणारी, बातमीत आणि इतिवृत्तात दिसणारी रचना. कोणती वापरायची, हे ठरवण्यासाठी एकच निरोप तिन्ही वाटांनी लिहून पाहू.

समजा, सोसायटीच्या कार्यालयात सोमवारी, 12 तारखेला फोन आला. पाण्याची टाकी धुणारे कंत्राटदार व्यवस्थापकाला म्हणाले, “मी परवा सकाळी माणसं घेऊन येतो. माझा पंप बिघडलाय, तुमचा वापरावा लागेल. सचिवसाहेबांना सांगा, आदल्या रात्री टाकी रिकामी करून ठेवा. आणि मागच्या वेळचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.” व्यवस्थापकाला हे सचिवांच्या टेबलावर लिहून ठेवायचे आहे. सचिव ती चिठ्ठी रात्री वाचतील किंवा उद्याही वाचतील.

अवतरणचिन्हांची वाट सर्वांत सोपी, कारण काहीच बदलावे लागत नाही. पण अडचणही तीच. ‘परवा’ हा शब्द बोलणाऱ्याच्या दिवसाला बांधलेला असतो. चिठ्ठी मंगळवारी वाचली तर ‘परवा’ गुरुवारी जाऊन पडतो आणि टाकी एक दिवस उशिरा रिकामी होते. ‘तुमचा पंप’ म्हणजे कोणाचा, हेही सचिवांना क्षणभर थांबून ठरवावे लागते, कारण चिठ्ठीत ‘तुम्ही’ म्हटले की वाचणारा आधी स्वतःलाच समजतो. म्हणून या वाटेने जायचे असेल तर चिठ्ठीच्या डोक्यावर तारीख, वार आणि फोनची वेळ हवीच, आणि मजकुरातला एकही शब्द बदलायचा नाही. शब्द बदलायचे आणि अवतरणचिन्हेही ठेवायची, हे मात्र अजिबात करू नये. ‘ते म्हणाले, “ते बुधवारी येणार आहेत”’ असे वाचले की दुसरे ‘ते’ कोणी तिसरेच वाटतात.

‘की’ची वाट घेतली तर चिठ्ठी अशी होईल:

“टाकीवाल्या कंत्राटदारांचा फोन होता. म्हणाले की ते स्वतः बुधवारी, 14 तारखेला सकाळी माणसे घेऊन येणार आहेत. त्यांचा पंप बिघडला आहे, त्यामुळे आपला वापरावा लागेल. मंगळवारी रात्री टाकी रिकामी करून ठेवावी. मागच्या वेळचे पैसे त्यांना अजून मिळालेले नाहीत.”

इथे सर्वनामांचे काम बघण्यासारखे आहे. ‘मी’चे ‘ते’ झाले, पण आदरार्थी ‘ते’ आणि अनेकवचनी ‘ते’ मराठीत सारखेच दिसतात. एक जण येणार की सगळी टोळी, हा प्रश्न पडू नये म्हणून ‘स्वतः’ घातले. ‘तुमचा पंप’चा ‘आपला पंप’ झाला, ‘आमचा’ नाही. लिहिणारा व्यवस्थापक आणि वाचणारे सचिव दोघेही पंपाच्या बाजूचे आहेत. ‘आमचा’ लिहिले तर सचिव त्यातून बाहेर पडतात. हीच चिठ्ठी बाहेरच्या वायरमनसाठी असती, तर ‘सोसायटीचा’ हा एकच शब्द योग्य ठरला असता. सर्वनाम बदलताना म्हणूनच बोलणारा कोण एवढेच बघून भागत नाही. वाचणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हेही बघावे लागते.

या वाटेवर आणखी एक खड्डा आहे. मराठीत ‘की’नंतरही मूळचा ‘मी’ तसाच राहू शकतो आणि बोलताना आपण तो सर्रास ठेवतो. ‘कंत्राटदार म्हणाले की मी बुधवारी सकाळी हजर राहायला हवं’ या वाक्यात हजर कोणी राहायचे? फोनवर बोलताना आवाजाच्या चढउतारावरून ते कळते, कागदावर कळत नाही. लिहिताना ‘की’नंतरचा ‘मी’ लिहिणाऱ्यासाठीच राखून ठेवावा, हा नियम मी पाळतो.

आता काळाकडे. इंग्रजी शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच शिकताना ‘सेड’ आले की पुढचे क्रियापद एक पायरी मागे न्यायचे, हे हाताला इतके बसते की मराठी लिहितानाही तीच सवय डोकावते. मराठीत तसे केले तर अर्थच बदलतो. ‘म्हणाले की पंप बिघडला होता’ असे लिहिले, तर सचिव समजतील की पंप तेव्हा बिघडला होता, आता दुरुस्त झाला असेल. सोसायटीचा पंप काढून ठेवायला कोणी सांगणार नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘म्हणाले की ते बुधवारी येणार होते’. मराठी कानाला ‘येणार होते’ म्हणजे बेत फिसकटला. सचिव ही ओळ वाचून टाकी भरलेलीच ठेवतील, आणि बुधवारी सकाळी कंत्राटदार माणसांसह फाटकाशी उभे राहतील.

मराठीत ‘म्हणाले’ भूतकाळात असले तरी आतल्या वाक्याचा काळ बोलण्याच्या क्षणापासून मोजला जातो. बोलताना पंप बिघडलेला होता, म्हणून ‘बिघडला आहे’. येणे तेव्हा पुढचे होते, म्हणून ‘येणार आहेत’. ‘होते’ तेव्हाच यावे, जेव्हा बोलणाऱ्याच्या तोंडीच ‘होतो’ किंवा ‘होते’ आले असेल. फोन आणि चिठ्ठी यांच्यामध्ये परिस्थिती खरोखर बदलली, तर आतले क्रियापद न छेडता वेगळे वाक्य लिहावे: ‘पाच वाजता परत फोन आला, पंप दुरुस्त झाला म्हणाले.’

याच जागी भविष्याच्या छटाही हरवतात. कंत्राटदार ‘येतो’ म्हणाले. ‘परवा’सोबतचा हा ‘येतो’ म्हणजे दिलेला शब्द आहे. त्याचे ‘येतील’ केले तर तो सैल होतो, लिहिणाऱ्याचा अंदाज वाटतो. ‘येणार आहेत’ हेच जवळचे. उलट ते ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणाले असते, तर ‘जमल्यास येणार आहेत’ असे लिहायलाच हवे होते. तो एक शब्द गाळला की चिठ्ठीने त्यांच्या वतीने वचन दिल्यासारखे होते.

‘की’च्या वाटेची खरी कमजोरी शेवटच्या ओळीत आहे. ‘की’चा आवाका पूर्णविरामापाशी सुटू लागतो. ‘मागच्या वेळचे पैसे त्यांना अजून मिळालेले नाहीत’ ही ओळ सुटी वाचली तर व्यवस्थापकाने वही तपासून लिहिल्यासारखी वाटते. धनादेश गेलेला असेल, तर या वाक्याने गोंधळ माजेल. बोलताना आपण इथे ‘म्हणे’ लावतो: ‘पैसे मिळाले नाहीत म्हणे.’ पण ‘म्हणे’त अविश्वासाचा वास असतो, आणि कंत्राटदारांच्या खरेपणावर शंका घेणे हे व्यवस्थापकाचे काम नाही.

इथे तिसरी वाट उपयोगी पडते: “मागील कामाचे पैसे अद्याप न मिळाल्याचे त्यांनी सांगितले.” आता विधान कोणाचे, याबद्दल शंका उरत नाही. सर्वनामाचा प्रश्नही जवळजवळ मिटतो, कारण ‘बुधवारी येणार असल्याचे कंत्राटदारांनी कळवले’ या वाक्यात ‘ते’ लिहावेच लागत नाही. येणारा आणि कळवणारा एकच, हे वाचणारा गृहीत धरतो. दुसरे कोणी येणार असेल तर त्याचे नाव घालावे, नाहीतर चिठ्ठी खोटे सांगेल. ‘त्यांनी कळवले’ बाई-पुरुष दोघांनाही चालते, तिथे ‘म्हणाले’ की ‘म्हणाल्या’ हे ठरवावे लागत नाही. कोणाच्या तरी वतीने आलेला लेखी निरोप पुढे पाठवताना याचा आधार वाटतो.

किंमत मात्र काळाची मोजावी लागते. ‘असल्याचे’ या रूपात ‘आहे’ आणि ‘होते’ दोन्ही बुडून जातात. ‘परवा बैठक आहे’ आणि ‘परवा बैठक होती’ या दोन्हींचे ‘परवा बैठक असल्याचे सांगितले’ होते. मराठीतला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही, त्याची दिशा एरवी क्रियापदच दाखवते. ते क्रियापदच नाम झाले की दिशा गेली. या वाटेने लिहिताना तारीख घालणे ऐच्छिक राहत नाही. शिवाय ‘येतो’, ‘येईन’, ‘येणार’ या तिन्हींचे ‘येणार असल्याचे’ होते, म्हणजे वचनाची छटा इथेही पुसली जाते.

सभेच्या इतिवृत्तासाठी मात्र मी हीच वाट निवडतो, आणि त्याचे कारण ‘आपण’. ‘अध्यक्षांनी सचिवांना सांगितले की त्यांची मुदत संपत आली आहे’ यात मुदत कोणाची? दोन्ही बाजूंनी अर्थ लागतो, आणि वर्षभराने वही उघडणाऱ्याला विचारायला कोणी नसते. ‘आपली मुदत संपत आल्याचे अध्यक्षांनी सचिवांना सांगितले’ असे लिहिले की ‘आपली’ बोलणाऱ्याकडे, म्हणजे अध्यक्षांकडे जाते. सचिवांची असेल तर ‘सचिवांची मुदत’ असे स्पष्ट लिहावे. हा ‘आपण’ चिठ्ठीत मात्र चालत नाही. एका व्यक्तीला उद्देशून लिहिलेल्या कागदावर ‘आपली मुदत’ म्हणजे ‘तुमची मुदत’ असाही अर्थ होतो, कारण आदराने समोरच्यालाही आपण ‘आपण’च म्हणतो.

आज्ञा आणि विनंत्यांना वेगळे वागवावे लागते. ‘रिकामी करून ठेवा’चे ‘रिकामी करून ठेवायला सांगितले’ हे घरच्या निरोपात ठीक, पण सचिवांना ते हुकूम वाटेल. ‘रिकामी करून ठेवावी, अशी विनंती केली’ हे कार्यालयाला शोभते. मात्र मूळ बोलण्यात विनंतीचा सूर नव्हता आणि काम अडणार असेल, तर ‘विनंती’ घालून धार बोथट करू नये. ‘ठेवावी, असे सांगितले’ हे मधले रूप बहुतेक वेळा पुरते.

मग या फोनसाठी काय लिहावे? मी वाटा मिसळीन. बेत आणि पंप ‘की’ने, टाकी ‘ठेवावी, असे सांगितले’ने. पैशांची ओळ तक्रारीची आहे, आणि तिच्यावर पुढे कोणी बोट ठेवू शकते, म्हणून ती शब्दशः:

“सोम. 12, दु. 3.15. टाकीवाले कंत्राटदार म्हणाले की ते स्वतः बुधवारी, 14 तारखेला सकाळी माणसे घेऊन येणार आहेत आणि त्यांचा पंप बिघडल्यामुळे आपला वापरावा लागेल. मंगळवारी रात्री टाकी रिकामी करून ठेवावी, असे सांगितले. शेवटी म्हणाले, ‘मागच्या वेळचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.’ वही तपासलेली नाही.”