1994 चा ब्राझीलचा रेट्रो टी-शर्ट घेताय? आधी चांदण्या मोजा

संभाजीनगरच्या निराला बाजारात संध्याकाळी फिरलं की ढगळ जीन्सवर जुन्या फुटबॉल संघांचे टी-शर्ट घातलेली पोरं-पोरी हमखास दिसतात. रेट्रो म्हणून नवीन शिवलेला माल तीन-चारशे रुपयांत मिळतो, आणि तो नवीन म्हणूनच विकला तर त्यात काही गैर नाही. माझी फसवणूक झाली ती 'त्या काळातला, ओरिजिनल' असं सांगून 3,200 रुपये घेतलेल्या टी-शर्टमध्ये. इन्स्टाग्रामवरच्या विक्रेत्याने तो '1994 च्या फायनलचा ब्राझील, अम्ब्रो' म्हणून टाकला होता.

हा टी-शर्ट लोकांना का आवडतो ते आधी सांगते. अंग पिवळं, कॉलर हिरवी आणि दुमडलेली, बाह्यांच्या कडाही हिरव्या. पिवळ्यावर हिरवं एवढंच, पण चेहऱ्याजवळ आणि दंडाजवळ नेमकं येतं, त्यामुळे साध्या निळ्या जीन्सवरही उठून दिसतं. संघाचं चिन्ह डाव्या छातीवर, तो बनवणाऱ्या अम्ब्रो कंपनीचं नाव उजवीकडे. आणि खरी गंमत कापडात आहे. पिवळ्याच रंगात संघाची मोठमोठी चिन्हं विणीतच उमटलेली असतात. समोरून बघितलं तर ती जेमतेम जाणवतात, उजेड तिरका पडला की चमकतात.

विक्रेत्याने दाखवलेल्या फोटोत हे सगळं होतं. पैसे आधी यूपीआयने घेतले, पार्सल लातूरला आठवड्याभरात आलं. उघडलं आणि चिन्हावर नजर गेली, तर वर पाच चांदण्या.

ब्राझील संघाच्या चिन्हावर जिंकलेल्या प्रत्येक विश्वचषकाची एक चांदणी असते. 1958, 1962 आणि 1970 अशा तीन विजयांच्या तीन चांदण्या घेऊनच संघ 1994 ला अमेरिकेत उतरला. 17 जुलैला पॅसाडेनात इटलीला पेनल्टीवर हरवेपर्यंत चौथी मिळालेलीच नव्हती. म्हणजे फायनलमध्ये घातलेल्या टी-शर्टवर तीनच हव्यात. जिंकल्यानंतर अम्ब्रोने चार चांदण्यांचेही काढले, त्यामुळे चार दिसल्या म्हणजे लगेच नकली असं नाही. फक्त तो फायनलचा नाही. पाचवी चांदणी मात्र 2002 च्या विजयाची, आणि तेव्हा ब्राझीलचे कपडे नायकी बनवत होती. पाच चांदण्या आणि अम्ब्रो, हे त्या काळात एकत्र येणं शक्यच नाही.

मी तो आमच्या गल्लीतल्या टेलरमामांकडे नेला. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी टी-शर्ट उलटा केला आणि म्हणाले, "ताई, ही नक्षी विणलेली नाही, वरून छापलेली हाय. आतून बघा, पांढरट." विणीतली नक्षी आतूनही दिसते आणि बोटालाही लागते. माझ्या टी-शर्टला आतून काहीच नव्हतं, आणि कापड आजकाल जिमच्या टी-शर्टला वापरतात तसलं बारीक भोकांचं, हलकं. कॉलरसुद्धा त्याच पातळ कापडाची, आत बकरम चिकटवलेलं. मामा म्हणाले, "दोन धुण्यात फुगे येतील." पहिल्याच धुण्यात आले.

एक गोष्ट लक्षात ठेवा: आतून पांढरट दिसलं म्हणजे प्रत्येक वेळी खोटंच, असं धरू नका. त्या वर्षांत छापील नक्षीचेही टी-शर्ट निघत होते. आर्सेनलचा 1991 ते 93 चा पिवळा, काळपट नागमोडी रेघांचा, हा तसाच प्रकार. म्हणून कोणत्या संघाच्या कोणत्या वर्षी नक्षी विणलेली होती आणि कोणत्या वर्षी छापलेली, हे आधी बघून मगच आतली बाजू तपासा.

विक्रेत्याला विचारलं तर आधी "ही रिइश्यू आहे" म्हणाला, म्हणजे जुन्याच डिझाइनचा नंतर पुन्हा काढलेला. मग ओरिजिनल कशाला लिहिलंस, असं विचारल्यावर ब्लॉक केलं. फोटोतल्या टी-शर्टवर किती चांदण्या होत्या ते मी पुन्हा मोठा करून बघितलं: तीन. म्हणजे फोटो खऱ्याचा, माल दुसराच. मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, सोबत व्यवहाराचा क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पार्सलवरचा पत्ता जोडला. पैसे अजून आलेले नाहीत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी पैसे देतानाच काढून ठेवला होता, म्हणून निदान 'ओरिजिनल' हा शब्द पुराव्यात आहे. ब्लॉक झाल्यावर ते पान मला दिसतच नव्हतं.

तोच फोटो आता वेगळ्या नावाच्या पानावर लागलाय, किंमत 2,800. परभणीच्या एका मुलीने मला विचारलं तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं: टी-शर्ट उलटा करून, कॉलरपासून चिन्हापर्यंत सलग व्हिडिओ मागव, आणि त्यात आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांग. तिने मागितला. त्या पानाने तिलाही ब्लॉक केलं.