सहा डावीकडे, सहा उजवीकडे: आकृत्यांच्या कार्डांचा अनुभव

ठाण्यात घरीच शिष्यवृत्तीच्या मुलांची शिकवणी घेते. बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावासाठी हा कार्डांचा संच पावसाळ्यापासून वापरतेय.

प्रत्येक कार्डावर डावीकडे सहा चौकटी, उजवीकडे सहा. डावीकडच्या सगळ्या आकृत्यांत एक गुण सारखा असतो, उजवीकडे तो एकीतही नसतो. तो आपण शोधायचा आणि खालची तेरावी आकृती योग्य गटात टाकायची. मूळ कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बोंगार्ड यांची. त्यांच्या 1967 च्या पुस्तकात अशी 100 कोडी आहेत, पण तिथे तेरावी आकृती नाही. नियम सांगितला की झालं. इथे मात्र नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येऊ शकतात, म्हणून मी आधी नियम तोंडी वदवून घेते.

माझं आवडतं कार्ड सांगते. डावीकडे त्रिकोणात 3 टिपके, चौकोनात 4, पंचकोनात 5. उजवीकडे त्रिकोणात 5, चौकोनात 2, असं काहीही. टिपके कुठे भरीव, कुठे पोकळ; मुलं आधी त्यातच अडकतात. कोपरे तितके टिपके, हा नियम सापडला तरी काम संपत नाही, कारण तेरावी आकृती आहे पाच टोकांची चांदणी आणि तिच्यात 10 टिपके. बाहेरची टोकंच मोजली तर ती उजवीकडे जाते. निकाल डावीकडचा L आकार देतो. त्यात 6 टिपके आहेत, म्हणजे आत वळलेला कोपराही धरलाय. तसे मोजले तर चांदणीचे कोपरे 10, म्हणून ती डावीकडेच. कोपरा कशाला म्हणायचं हे बारा चौकटीच ठरवतात, हे मुलांना या एका कार्डाने कळतं.

आता तक्रार. काही कार्डांना दोन नियम लागू पडतात. एकावर डावीकडच्या सगळ्या आकृत्या सरळ रेषांच्या आहेत आणि सममितही. उजवीकडच्या सगळ्या वक्र आणि असममित. तेरावा आहे तिन्ही बाजू वेगळ्या असलेला त्रिकोण. रेषा बघितल्या तर डावीकडे, सममिती बघितली तर उजवीकडे. उत्तरपत्रिकेत फक्त ‘डावा’ छापलंय, आणि उजवा म्हणणाऱ्या हुशार मुलीचा विनाकारण हिरमोड होतो. अशा कार्डावर मी उजवीकडे पेन्सिलने एक अर्धवर्तुळ काढते. ते वक्र आहे पण सममित, त्यामुळे सममितीचा नियम बाद होतो आणि त्रिकोण डावीकडेच राहतो.

म्हणून कार्ड मुलांपुढे ठेवण्याआधी स्वतः सोडवा, आणि एक नियम सापडल्यावर दुसरा बसतोय का तेही बघा. एवढी तयारी असेल तर संच जरूर घ्या. कागद पातळ आहे, लॅमिनेशन करून घेतलेलं बरं. पण दुरुस्त्या त्याआधीच करा, नंतर पेन्सिल उमटत नाही.