आठ महिने, एक थ्रीडी प्रिंटर आणि सादळलेलं फिलामेंट

फेब्रुवारीत घेतलेल्या थ्रीडी प्रिंटरला आता आठ महिने झाले. साधंच मॉडेल आहे. 220 बाय 220 मिलिमीटरचा, पुढे-मागे सरकणारा बेड, प्लॅस्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, नोझलपर्यंत नेणारी बोडेन ट्यूब आणि लेव्हलिंगसाठी बेडची उंची ठिकठिकाणी मोजणारा प्रोब. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जो त्रास झाला तो या वर्गातल्या कुठल्याही प्रिंटरवर होऊ शकतो. आमचं घर चिपळूणला आहे, आणि पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

पहिले दोन महिने काहीच तक्रार नव्हती. पीएलए प्लॅस्टिकचं फिलामेंट लावायचं, ते वितळवून सोडणारं नोझल 205 अंशांवर, बेड 60 वर, आणि निवांत चहा प्यायचा. एप्रिलमध्ये पहिला थर चिकटेनासा झाला. डावीकडे मागे छान बसायचा आणि उजवीकडे पुढे त्याच्या रेघा सुट्या शेवयांसारख्या नोझलमागे ओढल्या जायच्या. मी चार वेळा ऑटो लेव्हलिंग केलं. स्क्रीनवर आकडे दर वेळी व्यवस्थित दिसायचे, पण कोपरा तसाच.

खरा घोळ एकदा पहिला थर पडताना वाकून बघत बसले तेव्हा सापडला. लेव्हलिंगमध्ये मोजलेल्या उंचीचा नकाशा चालू असेल, तर हेड आडवं जाताना त्याला वर-खाली करणारी झेडची मोटर किंचित इकडे-तिकडे फिरत राहते, कारण बेडचा चढउतार तिला भरून काढायचा असतो. माझी मोटर ढिम्म हलत नव्हती. म्हणजे नकाशा साठवलेला होता, पण वापरलाच जात नव्हता. एप्रिलमध्ये मी स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडून प्रिंटरसाठी कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नवीन प्रोफाइल घेतलं होतं आणि त्याच्या सुरुवातीच्या कोडमध्ये एक ओळ नव्हती. प्रिंटर चालवणाऱ्या मार्लिन फर्मवेअरमध्ये सहसा `G28` ने हेड मूळ जागी नेलं की लेव्हलिंग बंद होतं, ते पुन्हा चालू करावं लागतं:

```
G28
M420 S1
```

क्रम महत्त्वाचा आहे, दुसरी ओळ `G28` च्या नंतरच हवी. ती घातली आणि मोटर हलायला लागली.

तरी कोपरा पूर्ण सुधारला नव्हता, कारण मी लेव्हलिंग थंड बेडवर करत होते. गरम झाल्यावर बेड थोडा फुगतो आणि त्याचा आकार बदलतो. आता बेड 60 वर नेऊन दहा मिनिटं तसाच ठेवते, नोझल 150 वर ठेवते (म्हणजे प्लॅस्टिक गळत नाही), त्याचं टोक पुसते आणि मगच लेव्हलिंग करते. त्यानंतर झेड ऑफसेट, म्हणजे नोझल बेडपासून किती उंच हवं ते, पहिल्या थरावर नजर ठेवून ठरवते. रेघा गोल दिसल्या आणि दोन रेघांमध्ये फट राहिली, तर नोझल उंच आहे. थर खरखरीत झाला, कडेला वरंबे उठले, तर फार खाली आहे. एका वेळी 0.02 मिलिमीटरने बदलते. आणि हो, बेड भांड्याच्या साबणाने धुवा. आमच्याकडे हाताला खोबरेल तेल कधी ना कधी असतंच, आणि बेडवर बोटाचा ठसा उमटला की नेमकी तिथेच प्रिंट सुटते.

जूनमध्ये पाऊस लागला आणि दुसरं दुखणं सुरू झालं. गणपतीच्या मखरासाठी आठ खांब छापायचे होते. एका वेळी दोन खांब लावले, तर दोघांच्या मध्ये कोळ्याने विणावी तशी जाळी. मला वाटलं नोझल जास्त गरम आहे. 205 चं 200 केलं, मग 195. हेड रिकामं सरकताना फिलामेंट जेवढं मागे ओढलं जातं ते रिट्रॅक्शन 5 मिलिमीटरवरून 6.5 वर नेलं. तंतू थोडे कमी झाले, पण फिलामेंट पुढे ढकलणारा एक्स्ट्रूडर टकटक करू लागला आणि खांब हातात घेतला तर थरावरून कांडीसारखा मोडला. त्यात दोन आठवडे गेले. मखर डोक्यावर नाचत होतं.

या काळात दोन खुणा मला दिसत होत्या, मीच त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. नोझलमधून बारीक तडतड असा आवाज यायचा, फोडणीत ओली मिरची टाकल्यासारखा. आणि सकाळी बघावं तर रात्रभर ट्यूबमध्ये राहिलेलं फिलामेंट आपोआप तुटलेलं. रीळ फेब्रुवारीपासून प्रिंटरवर उघडंच होतं. सासूबाईंनी ते बघून सहज म्हटलं, "अगं, उघडं ठेवलंस तर पापडसुद्धा सादळतो." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फिलामेंटमधल्या ओलाव्याची नोझलमध्ये वाफ होते आणि ती वितळलेलं प्लॅस्टिक बाहेर ढकलते. हेड रिकामं एका खांबावरून दुसऱ्याकडे जात असतानाही हे ढकलणं चालूच असतं. वाफेला रिट्रॅक्शन कितीही वाढवलं तरी आवरत नाही.

खात्री करायला तीच फाइल, त्याच सेटिंगवर, नव्याने फोडलेल्या रिळाने छापली. जाळी जवळजवळ नाहीशी. म्हणजे दोष सेटिंगचा नव्हता.

ड्रायर घेतला नाही. रीळ प्रिंटरच्या बेडवर आडवं ठेवलं, वर पुठ्ठ्याचा खोका पालथा घातला, वाफ जायला खोक्याला वर दोन भोकं पाडली आणि बेड 55 वर ठेवला. तीन तासांनी रीळ उलटवलं, आणखी तीन तास. मधे एकदा वीज गेली, तेवढा वेळ वाढवला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आधी 812 ग्रॅम भरलं होतं, नंतर 809. रीळ प्लॅस्टिकचं होतं, पुठ्ठ्याचं नव्हे, त्यामुळे गेलेले तीन ग्रॅम म्हणजे जवळजवळ सगळं फिलामेंटमधलंच पाणी. ओव्हनमध्ये ठेवायचा मोह टाळा. पीएलए 60 च्या आसपास मऊ पडतं आणि साध्या ओव्हनचा काटा सहज त्याच्या पुढे जातो, मग वेटोळी एकमेकांना चिकटून अख्खं रीळ वाया.

सुकवल्यानंतरच टेंपरेचर टॉवर, म्हणजे प्रत्येक मजला वेगळ्या तापमानाला छापलेला मनोरा, छापला, 215 पासून 195 पर्यंत, पाच-पाच अंशांनी. 205 वर तंतू दिसत नव्हते आणि मजला हाताने मोडतही नव्हता. म्हणजे फेब्रुवारीचा आकडाच बरोबर होता. रिट्रॅक्शनही परत 5. ओल्या रिळावर हा टॉवर छापला असता तर 195 निवडून बसले असते आणि पुन्हा खांब मोडले असते.

आता रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात राहतं, तळाशी सिलिका जेलची पुडकी, आणि डब्याला भोक पाडून ट्यूब थेट प्रिंटरपर्यंत. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की कोरडे करून परत टाकते. भर श्रावणात ते आठवड्याभरातच हिरवे व्हायचे. पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक वापरलं तर ते जास्त तापवून सुकवावं लागतं, 65 च्या आसपास. त्याला माझा खोका पुरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात मी पीईटीजीच्या वाटेला जात नाही.

प्रिंटरबद्दल म्हणाल तर बेडखालच्या स्प्रिंगा मऊ आहेत, दोन-तीन आठवड्यांनी नॉब ढिले पडतात आणि सगळं पुन्हा जुळवावं लागतं. त्या जागी सिलिकॉनचे ठोकळे मागवलेत, अजून आलेले नाहीत. मखराचे आठपैकी सात खांब वेळेत झाले. आठव्याच्या जागी केळीचा खुंट लावला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोच जास्त आवडला.